छापील माहितीपत्रकाची पीडीएफ म्हणजे मोबाइलवरचा मजकूर नव्हे

“माहितीपत्रक एकदा छापून झाले की मोबाइलसाठी वेगळे काही लिहायची गरज नाही. तीच पीडीएफ सगळ्यांना पाठवा. कुणाला लांब वाटलीच तर मजकूर अर्धा करा, ओळी लहान ठेवा आणि शेवटी फोन नंबर द्या.”

गोव्यातील लहान पर्यटन व्यावसायिकांमध्ये हा सल्ला सध्या बराच फिरतो आहे. त्यात चार वेगवेगळी विधाने एकत्र बांधलेली आहेत, म्हणून ती सुटी करून पाहणे बरे. उदाहरणासाठी फोंडा तालुक्यातील एखादे कुळागर घेऊ: पाहुण्यांना सुपारी, मिरी, जायफळाची झाडे दाखवणारे आणि दुपारी केळीच्या पानावर जेवण वाढणारे. त्याचे माहितीपत्रक नेहमीचेच आहे, म्हणजे ए-फोर कागदाच्या दोन घड्या, दोन्ही बाजूंनी छपाई आणि एकूण सहा रकाने.

आधी पीडीएफचे पाहू. आडवा ए-फोर कागद २९७ मिलिमीटर रुंद असतो आणि उभ्या धरलेल्या फोनचा पडदा साधारण ७० मिलिमीटर. पूर्ण पान पडद्यावर बसवले की सगळे जवळजवळ पावपट होते, म्हणजे दहा पॉइंटचे अक्षर अडीच पॉइंटचे दिसते. देवनागरीत यामुळे अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे सर्वांत आधी नाहीशी होतात. वाचणाऱ्याने दोन बोटांनी एकच रकाना मोठा करून घेतला तरी अक्षर सात पॉइंटच्या आसपासच राहते आणि पुढच्या रकान्यासाठी पान पुन्हा सरकवावे लागते.

याहून मोठा घोटाळा क्रमाचा आहे आणि तो छापखान्यात कुणाच्या लक्षात येत नाही. घडीच्या पत्रकाची बाहेरची बाजू सपाट उघडली की डावीकडे आत दुमडायचा रकाना येतो, मध्ये मागचे पान येते आणि मुखपृष्ठ थेट उजव्या टोकाला जाते. हातात घेतलेले पत्रक मुखपृष्ठापासून वाचले जाते, पण त्याची पीडीएफ उघडणाऱ्याला डावीकडून आधी दुमडीतला मजकूर आणि पत्ता दिसतो. शिवाय छपाईसाठी अक्षरांची आकृती करून टाकलेली असेल तर फोन नंबर हे निव्वळ चित्र ठरते. त्यावर कितीही बोट टेकवले तरी फोन लागत नाही.

मजकूर अर्धा करण्याचा सल्ला वरकरणी शहाणपणाचा वाटतो, पण प्रत्यक्षात काय कापले जाते ते पाहण्यासारखे आहे. आमच्या उदाहरणातील पत्रकाची सुरुवात अशी समजा: “निसर्गरम्य गोमंतभूमीच्या कुशीत, चार पिढ्यांच्या परिश्रमातून फुललेल्या आमच्या कुळागरात आपले सहर्ष स्वागत असो.” अर्धे करताना हे वाक्य हमखास वाचते, कारण ते मालकाला प्रिय असते, जाते ते बारीक टाइपातील “सोमवारी बंद” आणि “जेवणासाठी आदल्या दिवशी कळवावे”. दोष लांबीचा नव्हताच. फोनवर माणूस बरेच खाली जातो, मात्र आपल्या कामाचे काही आहे हे त्याला वरच कळले पाहिजे. म्हणून कापण्याआधी मजकूर निर्णयाच्या क्रमाने लावावा: काय मिळेल, केव्हा, कितीला, काय आधी करावे लागेल आणि कसे यावे. चार पिढ्यांचा इतिहास ठेवावा, पण खाली, स्वतःच्या मथळ्याखाली.

त्या पत्रकाचे पहिले रूप मग असे होईल (दर केवळ नमुन्याचे आहेत):

कुळागर भेट आणि केळीच्या पानावरचे जेवण
सकाळी ९.३० ते दुपारी ४. सोमवारी बंद.
जेवणासह माणशी ₹६००. ५ वर्षांखालील मुलांना शुल्क नाही.
जेवणासाठी आदल्या दिवशी सायंकाळी ६ पर्यंत कळवा.
[जेवणासाठी कळवा] [रस्ता पाहा]

व्हॉट्सॲपच्या यादीत संदेशाचे सुरुवातीचे मोजकेच शब्द दिसतात आणि लांब संदेश मध्येच दुमडला जातो. म्हणून “आपले सहर्ष स्वागत” त्या जागेवर बसवणे महाग पडते. दरांचा चार रकान्यांचा तक्ताही इथे टिकत नाही. प्रौढ, लहान मुले, शाळेचा गट असा प्रत्येकाचा दर स्वतंत्र वाक्यात, त्याच्या अटीसह द्यावा.

लहान ओळींबाबतचा गैरसमज थोडक्यात सांगता येईल. ओळ कुठे मोडायची हे वाचणाऱ्याचा फोन ठरवतो. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात रकान्याच्या रुंदीचे ओळमोड तसेच येतात आणि फोनवर एक लांब ओळ, एक तुटकी ओळ अशी दातेरी रांग उभी राहते. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात जुळवलेला असेल तर उचलल्यावर निरर्थक चिन्हेच हाती लागतात. तेव्हा तो नव्याने टंकलिखित करणे हाच मार्ग. लिहिणाऱ्याच्या हातात परिच्छेदाची लांबी असते, ती दोन-तीन वाक्यांची असावी आणि महत्त्वाचा शब्द वाक्याच्या तोंडाशी यावा.

राहिला शेवटचा फोन नंबर. पत्रकावर बहुधा ०८३२ हा गोव्याचा एसटीडी कोड वगळून लिहिलेला, देवनागरी अंकांतला स्थानिक नंबर असतो. पुण्याच्या किंवा बेळगावच्या मोबाइलवरून तो लागत नाही आणि देवनागरी अंकांना फोन नंबर म्हणून ओळखेलच अशी प्रत्येक फोनची खात्री देता येत नाही. वेबपानावरील बटणामागे पत्ता असा असावा:

```
tel:+91XXXXXXXXXX
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

दुसऱ्या पत्त्यात अधिकचे चिन्ह, सुरुवातीचे शून्य किंवा मोकळी जागा नको. व्हॉट्सॲपच्या साध्या संदेशात मात्र पहिली ओळ जशीच्या तशी चिकटवण्यात अर्थ नाही. तिथे `+91` लावलेला पूर्ण नंबर लिहावा. बटणावर “येथे क्लिक करा” असे लिहिण्याऐवजी बोट टेकवल्यावर काय होईल ते लिहावे आणि ते जेवणाच्या अटीला लागूनच ठेवावे, कारण कळवण्याचा विचार मनात येतो तो तिथेच. दोन बटणे एकमेकांना चिकटलेली नसावीत. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचना बटणाची उंची आणि रुंदी किमान ४८ डीपी, म्हणजे पडद्यावर साधारण ९ मिलिमीटर, ठेवायला सांगतात.

रस्त्याच्या दुव्याखाली दोन वाक्ये शब्दांतही हवीत: “पणजीहून येताना बाणस्तारीचा पूल ओलांडून माशेलकडे वळा.” कुळागरे सखल, झाडीच्या भागात असतात, नेमके शेवटच्या वळणावर नेटवर्क गेले तर नकाशा उघडत नाही, पण आधी वाचलेले वाक्य उपयोगी पडते.

हे सारे जमले की नाही हे मालकाने स्वतःच्या फोनवर पाहून कळत नाही, कारण त्याला उत्तरे पाठ असतात. पत्रक न पाहिलेल्या एखाद्याच्या हाती, अक्षरे मोठी करून ठेवलेला फोन द्यावा आणि विचारावे: “सोमवारी चार वर्षांच्या मुलाला घेऊन जेवायला जायचे आहे, जमेल का?” त्याचा अंगठा कुठे थांबतो, कुठून परत वर जातो, तेवढेच पाहावे. तो बंदचा वार शोधत दरांपर्यंत खाली गेला, तर ती ओळ वर न्यावी.

छापील पत्रक हॉटेलच्या काउंटरवर ठेवायला उत्तमच आहे आणि पीडीएफ छापून घेणाऱ्यासाठी राहू द्यावी. फिरवायला मात्र वेबपानाचा दुवाच द्यावा, कारण पुढच्या हंगामात दर वाढले की पानावरचा आकडा बदलता येतो. शेकडो फोनांत जाऊन बसलेल्या पीडीएफमधला ₹६०० हा दर घेऊन मात्र पाहुणे दारात येत राहतात.