तुटलेला बोल्ट, डावा ड्रिल बिट आणि तो फॉरवर्ड

"बोल्टचं डोकं तुटलं? टेन्शन नको. डावा ड्रिल बिट रिव्हर्सला फुल स्पीडने लावा, बोल्ट आपोआप बाहेर येतो, १००% गॅरंटी. पंच, तेल कशाचीच गरज नाही. डावा बिट नसेल तर साधा बिट उलटा फिरवा, सेम काम. तरीही नाही आला तर भोकात एक्स्ट्रॅक्टर ठोका आणि जोरात फिरवा."

हा मेसेज मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवलाय आणि मी सोडून दिला होता. पण गेल्या रविवारी माझ्या भाच्याने तो वाचून बाइकच्या इंजिनवर तसंच्या तसं केलं, आणि मग "मामा, जरा येतोस का" असा फोन आला. त्यामुळे आता लिहितोच.

सगळ्यात आधी साध्या बिटाचं, कारण नुकसान तिथेच झालंय. डावा बिट उलटा फिरतानाच कापेल असा घडवलेला असतो, साधा बिट उलटा फिरवला तर तो कापतच नाही. बिटाच्या टोकाला धार एकाच बाजूने असते, तिच्या मागची बाजू मुद्दाम उतरती घासलेली असते, आणि उलटा फिरवला की ती मागची बाजू पुढे येते आणि नुसती घासत बसते. घासलं की उष्णता, वरून फुल स्पीड आणि अंगाचा जोर, म्हणजे बिटाची धार जाते आणि बोल्टचा पृष्ठभाग घोटला जाऊन गुळगुळीत होतो. स्टेनलेसचा बोल्ट असेल तर तो घासून आणखी कडक होतो, मग खरा डावा बिट आणला तरी तोही वरून सरकतो. भाच्याच्या बोल्टवर मधोमध नाही, एका कडेला निळसर चकचकीत खळगा पडला होता, आणि त्या खळग्यातून सरकलेल्या बिटाने शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा काढला होता. चार मिनिटं ड्रिल चालवून धातूचा एक छिलका निघाला नव्हता, तिथेच थांबायला हवं होतं. बिट कापत असेल तर छिलके निघतात, नुसती काळी पूड आणि कर्कश आवाज येत असेल तर तो घासतोय.

आता "आपोआप बाहेर येतो". यात अर्धं खरं आहे, मानतो. डावा बिट कापताना बोल्टला सोडायच्या दिशेने पीळ देतो, आणि निदान आणखी आवळत तरी नाही. डोकं आवळताना तुटलं असेल आणि आटे स्वच्छ असतील तर डोक्याबरोबर बोल्टवरचा ताणही गेलेला असतो, मग तो तुकडा खरंच बिटाबरोबर वर येतो, मी पाहिलंय.

पण सोडताना तुटलेला बोल्ट वेगळा. भाच्याचा तसाच होता, इंजिन कव्हरचा एम ६, अ‍ॅल्युमिनियममध्ये घट्ट बसलेला, आट्यांत पांढरी पूड. आयएसओ ८९८-७ या मानकात बोल्ट पिळून तुटण्याचा किमान टॉर्क दिलाय, ८.८ ग्रेडच्या एम ६ ला तो १३ न्यूटन मीटर आहे. म्हणजे पान्याने साधारण तेवढा पीळ खाऊनही आटे सुटले नाहीत, बोल्टच तुटला. ३ मिमीचा बिट पोलादात कापताना जो पीळ देतो तो अर्ध्या न्यूटन मीटरपेक्षाही कमी. ताण गेला म्हणून काम हलकं होतं हे मान्य, पण गंजाने धरलेले आटे एवढ्याशा पिळाला सुटतील याची १००% गॅरंटी कशाच्या जोरावर देताय?

पंच नको म्हणणाऱ्याने तर एम ६ हातात घेऊन बघावा. आट्यांच्या बुडाशी त्याचा व्यास जेमतेम ४.८ मिमी उरतो. ३ मिमीचा बिट मधोमध चालला तर चारी बाजूंनी ०.९ मिमी पोलाद राहतं, ४ मिमीचा चालला तर ०.४. बिट एक मिमी सरकला की तो थेट अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत, आणि अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे एकदा तिकडे वळला की परत येत नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. आधी कार्बाइडच्या बारीक बरने तो चकचकीत खळगा घासून बोल्टचं तोंड सपाट केलं. मध्य नजरेने धरण्यात अर्थ नव्हता, म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडून एक छोटी बुश करून घेतली, बाहेरून कव्हरच्या भोकात न हलता बसेल अशी आणि आत ३ मिमीचं भोक. कव्हर बाकीच्या बोल्टांनी परत बसवलं, बुश घातली, आणि बिट आपोआप मध्यावर आला. (बुश मिळणार नसेल तर सपाट तोंडावर सेंटर पंच, घाई न करता, भिंगाखाली बघून.) मग ३ मिमीचा डावा कोबाल्ट बिट, ड्रिल रिव्हर्सला, हॅमर मोड बंद, स्पीड कमी, दाब पक्का, तेलाचे थेंब. लांब छिलके यायला लागले. आठ मिमी खोल गेलो तरी बोल्ट हलला नाही, जे अपेक्षितच होतं.

मग बुश आणि कव्हर काढलं, तेल पुसून घेतलं, पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवली आणि भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम हीट गनने तापवलं, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन उडेल इतकं. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं, त्यामुळे आट्यांची पकड ढिली होते. गरम असतानाच ४ मिमीचा डावा बिट त्याच भोकात हळू घातला. आकार वाढला की पीळही वाढतो, आणि तिसऱ्या प्रयत्नाला बिट कचकन अडकला, बोल्ट पाव फेरा फिरला. तिथे लगेच दाब कमी केला, कारण बोल्ट वर येत असताना आपण वरून दाबत राहिलो तर आटेच खरवडतात. पुढचे फेरे बिटाला अडकूनच तो वर आला.

एक्स्ट्रॅक्टर मी त्या दिवशी पेटीतून काढलाच नाही. निमुळता एक्स्ट्रॅक्टर इतक्या पातळ भिंतीच्या बोल्टमध्ये ठोकला की बोल्ट बाहेरच्या बाजूला फुगतो आणि आट्यांत आणखी घट्ट बसतो, मग जोरात फिरवलं की एक्स्ट्रॅक्टर तुटतो. तो कडक केलेल्या पोलादाचा असतो, साधा एचएसएस बिट त्याला लागतही नाही, मग कार्बाइड किंवा स्पार्क मशीनवाल्याकडे जावं लागतं. मोठ्या बोल्टला, आटे आधी ढिले झालेले असतील तेव्हा, सरळ कण्यांचा एक्स्ट्रॅक्टर हलक्या हाताने वापरायला माझी ना नाही.

आणि उलट्या आट्यांचा बोल्ट असेल, जसा सायकलच्या डाव्या पेडलला असतो, तर डावा बिट त्याला आवळणारच, तिथे साधा बिट सरळ फिरवायचा.

भाच्याच्या इंजिनात शेवटी एम ६ चा टॅप हाताने फिरवून आटे साफ केले, खालची पांढरी पूड आणि छिलके फुंकून काढले, आणि नवा बोल्ट टॉर्क रेंचने १० न्यूटन मीटरला आवळला. तो ओरखडा मात्र तसाच आहे, गास्केटच्या रेषेपासून दोन मिमीवर.