लाल डोळा आणि रात्रीची ठणक

«आईला बरीच वर्षे आमवात आहे. डोळा लाल झाला असून रात्री ठणक्याने जाग येते. थेंब घालून वाट पाहावी का?»

वाट पाहू नये. आजच नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. अशी लाली दोन प्रकारच्या सुजेमुळे असू शकते. एपिस्क्लेरायटिसमध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ थर सुजतो, डोळा लालभडक दिसतो आणि थोडा चुरचुरतो, पण बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप निवळतो. स्क्लेरायटिसमध्ये मात्र खालचा मूळ पांढरा पडदाच सुजतो. तेव्हा गिरमिटाने पोखरल्यासारखी खोल वेदना भुवई, कानशील आणि जबड्यापर्यंत जाते, पहाटे वाढते, आणि बुबुळ हलवले तरी कळ येते. दिवसाच्या उजेडात पाहिल्यास लालीत जांभळट-निळसर झाक दिसते. तपासताना रक्तवाहिन्या आकसवणारा फेनिलेफ्रिनचा थेंब घातल्यावर वरवरच्या रक्तवाहिन्या फिक्या पडतात, खोलवरच्या मात्र तशाच लाल राहतात.

खऱ्या स्क्लेरायटिसला नुसते थेंब सहसा पुरत नाहीत. जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून पोटातून दाहशामक गोळ्या, गरजेप्रमाणे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि पुढे प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे द्यावी लागतात. उपचार लांबले तर पडदा विरळ होतो, बुबुळावरचा पारदर्शक थर म्हणजे कॉर्निया झिजतो, डोळ्यातील दाब वाढतो आणि दृष्टी जाऊ शकते.

आमवाताच्या जुन्या रुग्णांत हा पडदा क्वचित वेदनेशिवायही विरघळतो, त्यामुळे निळसर डाग दिसला तरी तो तपासून घ्यावा. संधिवाततज्ज्ञांनाही लगेच कळवावे, कारण पडदा कुजवणारा स्क्लेरायटिस हे शरीरात इतरत्र रक्तवाहिन्यांचा दाह सुरू असल्याचे लक्षण असू शकते.