सरासरी १२८ तास, तरी पुढच्या चार लॉटना ३०७ तासच का

प्रतिक्रिया: "लेखातला हिशोब पटला नाही. चार लॉटची सरासरी १२८ तास आली, तर पुढच्या चार लॉटना ५१२ तास धरायला हवेत. तुम्ही ३०७ धरलेत. असं कोटेशन दिलं तर लेबरमध्येच मार खाऊ. आणि मुलं काय कायम वेगवान होत राहतात? अंधेरीत माझं पॅनेल वायरिंगचंच काम आहे, म्हणून बोलतोय. हे पुस्तकी गणित आहे."

नमस्कार साहेब,

लेबरमध्ये मार बसण्याची तुमची भीती रास्त आहे. पण ५१२ तास धरलेत तर दुसऱ्या बाजूने मार बसतो: ऑर्डर समोरच्याकडे जाते. म्हणून नीट उलगडून लिहितो.

१२८ ही चौथ्या लॉटला लागलेली वेळ नाही, पहिल्या लॉटपासून आजवरची सरासरी आहे. लेखातलंच उदाहरण घेऊ. एका लॉटमध्ये दहा पॅनेल, पहिल्या लॉटला २०० तास. दुसरा लॉट संपला तेव्हा दोन्हींचे मिळून ३२० तास झाले, म्हणजे सरासरी १६०. २०० चे १६० झाले, म्हणून ही ८० टक्क्यांची लर्निंग कर्व्ह. एकूण लॉट दुप्पट झाले की संचयी सरासरी आधीच्या ८० टक्के होते, एवढाच तिचा अर्थ. आता बघा, दुसऱ्या लॉटला स्वतःला किती तास लागले? ३२० मधून २०० गेले, १२० राहिले. पहिल्या लॉटच्या ६० टक्के. सरासरी २० टक्क्यांनी उतरायची तर नवा लॉट त्याहून बराच खाली यावा लागतो.

चार लॉटना सरासरी १२८, एकूण ५१२ तास. आठ लॉटना सरासरी १०२.४, एकूण ८१९.२. तुमच्या नव्या ऑर्डरचे चार लॉट म्हणजे पाचवा ते आठवा, आणि त्यांचे तास म्हणजे या दोन एकूणांमधला फरक: ३०७.२. तुम्ही सांगता ते ५१२ तास पहिल्या चार लॉटमध्ये खर्च होऊन गेले. त्यात पहिल्या लॉटचे २०० तासही आहेत, ज्यात मुलं प्रत्येक वायरला ड्रॉइंग उघडून बघत होती, डक्टमध्ये वायर लावून लांबी मोजत होती, आणि फेरूल उलटी गेली म्हणून केलेलं टर्मिनेशन सोडवत होती. ते तास नव्या गिऱ्हाइकाच्या माथी मारता येत नाहीत. पीएफ, ईएसआय, बोनस धरून ताशी २०० रुपये पडतात असं समजलं, तर ३०७.२ तासांचे ६१,४४० रुपये होतात आणि ५१२ तासांचे १,०२,४००. एका ऑर्डरच्या मजुरीत जवळजवळ ४१ हजारांचा फरक.

मधल्या लॉटसाठी दुपटीचा नियम पुरत नाही. तेव्हा एक्सेलमध्ये सरासरी अशी काढा, इथे सातव्या लॉटपर्यंतची:

```
=200*7^(LOG(0.8)/LOG(2))
```

उत्तर १०६.९ येतं. त्याला सातने गुणलं की एकूण सुमारे ७४८.३ तास. आठ लॉटच्या ८१९.२ मधून ते वजा केले की एकट्या आठव्या लॉटचे ७०.९ तास मिळतात. हा आकडा बाजूला लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

एक खुलासा इथेच करतो, कारण काही जणांचे आकडे यामुळे जुळत नाहीत. १९३६ मध्ये टी. पी. राइट यांनी विमानांच्या उत्पादनखर्चावरच्या लेखात ही कर्व्ह मांडली ती संचयी सरासरीची. नंतर विमान उद्योगातच दुसरी पद्धत आली, त्यात ८० टक्के थेट त्या त्या नगाच्या वेळेला लावतात. तिच्यात दुसऱ्या लॉटला १६० तास येतात, आपल्या पद्धतीत १२०. दोन्ही वापरात आहेत, पण एका पद्धतीने काढलेला टक्का दुसऱ्या सूत्रात घातला की कोटेशन बिघडतं.

आता तुमचा खरा प्रश्न: मुलं कायम वेगवान होत राहतात का? नाही. क्रिम्पिंग, फेरूल, टेस्टिंग यांना हाताचा किमान वेळ लागतोच. तो आला की कर्व्ह थांबते आणि पुढचे सगळे लॉट एकाच वेळेत होतात. आठव्या लॉटनंतर सुधारणा थांबली असेल तर नवव्यापासून प्रत्येक लॉटला ७०.९ तास धरायचे. इथे १०२.४ धरणं ही मी सर्वात जास्त वेळा पाहिलेली चूक. कर्व्ह थांबते याचा अर्थ सरासरी थांबते असा नाही. शेवटच्या लॉटची वेळ थांबते, आणि सरासरी तिच्या दिशेने हळूहळू उतरतच राहते.

याच कारणाने सरासरीचा आलेख बघून काम ठीक चाललंय असं कधी मानू नका. समजा, तिसऱ्या लॉटला १०१ तास लागले. चौथ्याच्या वेळी दोन जुनी मुलं गावी गेली, नवी आली, आणि १२० तास लागले. लॉट १९ तासांनी मागे गेला. पण सरासरी? तीन लॉटला ती १४०.३ होती, चौथ्यानंतर १३५.३ झाली. म्हणजे उतरलीच! पहिल्या लॉटचे २०० तास तिला इतकं वर धरून बसलेले असतात की १२० तासही तिला खालीच ओढतात. म्हणून जॉब कार्डवर प्रत्येक लॉटचे तास वेगळे लिहा आणि कर्व्हच्या अंदाजाशी ताडून बघा. तिसरा आणि चौथा मिळून १९२ तास व्हायला हवेत. इथे २२१ झाले. सरासरी १६० वरून १३५.३ म्हणजे ८४.५ टक्के. अशा वेळी पुढच्या ऑर्डरला ८० टक्के धरून ३०७ लिहिलेत तर तुम्ही म्हणता तसा मार नक्की बसेल. आधी कारण शोधा. माणसं बदलली, दोन लॉटमध्ये महिनाभराचा खंड पडला, की ड्रॉइंगच बदललं? ड्रॉइंग बदललं असेल तर त्या भागापुरतं काम पुन्हा पहिल्या लॉटसारखं धरावं लागतं. माल आला नाही म्हणून बसून काढलेले तास तर यात मिसळूच नका, ते वेगळ्या ओळीत जातात.

एक गोष्ट कोटेशनआधी स्वतःला विचाराच: तुमची मुलं पगारावर आहेत की पॅनेलमागे ठरलेल्या दरावर? पॅनेलमागे ८०० रुपये ठरले असतील तर वेळ निम्मा झाला तरी तुमची मजुरी एक रुपयानेही कमी होत नाही; जास्त पॅनेल काढून मुलगा जास्त कमावतो, आणि ती त्याच्या हाताची कमाई आहे. तिथे ही कर्व्ह डिलिव्हरीच्या तारखेसाठी वापरा, किमतीसाठी नको. पगारावरची असतील तर वाचलेल्या दोनशे तासांत त्यांना दुसरं काम देता आलं, तरच बचत हातात पडते. ओव्हरटाइम तोडता येत असेल तर ती लगेच दिसते.

तुमच्याकडे जुन्या एखाद्या पॅनेलचे पहिल्या चार लॉटचे वेगवेगळे तास लिहिलेले असतील तर इथेच टाका. ८० टक्के तुमच्या कामाला लागू आहेत की नाहीत, ते त्यावरून मांडून दाखवतो.