जुनी ग्रेड पुसली जात नाही, आणि रिपीट केल्याने जीपीए वाढतोच असंही नाही

«अमेरिकेत एखाद्या कोर्सला डी किंवा एफ मिळाली तर घाबरू नका. तोच कोर्स पुन्हा घ्या, चांगली ग्रेड आणा, जुनी पुसली जाते. एखादं विद्यापीठ दोन्ही ग्रेड धरत असलं तरी सरासरीच निघते, म्हणजे जीपीए वाढतोच. त्यामुळे नवे कोर्स थांबवून आधी जुने रिपीट करा. मेडिकलला जायचं असेल तर नक्कीच.»

असा सल्ला अमेरिकेत शिकणाऱ्यांमध्ये फिरत असतो. त्यातल्या सरासरीच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्या वाक्याने होतं.

जीपीए हा एक साधा भागाकार आहे. प्रत्येक कोर्सचे क्रेडिट गुणिले ग्रेडचे गुण (ए ४, बी ३, सी २, डी १, एफ ०), अशी सगळ्या कोर्सची बेरीज म्हणजे क्वालिटी पॉइंट्स. त्याला ज्या क्रेडिट्सवर ग्रेड लागली त्यांच्या बेरजेने भागायचं. रिपीटच्या नियमाने नेमकं काय बदलतं, तर या भागाकाराच्या वर आणि खाली कोणते आकडे येतात तेवढंच.

एक उदाहरण घेऊ. विद्यार्थिनीचे ४५ क्रेडिट झाले आहेत, जीपीए २.८०, म्हणजे १२६ पॉइंट्स. चार क्रेडिटच्या केमिस्ट्रीत तिला डी मिळाली होती, म्हणजे त्या १२६ पैकी ४ पॉइंट्स त्या कोर्सचे. ती तोच कोर्स पुन्हा घेते आणि ए आणते, म्हणजे १६ पॉइंट्स.

```
बदली:            (१२६ − ४ + १६) ÷ ४५ = ३.०७
दोन्ही धरल्यास:   (१२६ + १६) ÷ ४९     = २.९०
```

बदलीच्या नियमात जुने ४ पॉइंट्स जातात आणि छेद ४५ वरच राहतो. दोन्ही प्रयत्न मोजणाऱ्या विद्यापीठात जुने ४ पॉइंट्स तसेच राहतात आणि छेद ४९ होतो. एकच ए, पण एकीकडे जीपीए ०.२७ ने वाढला, दुसरीकडे जेमतेम ०.१० ने.

आता तीच विद्यार्थिनी दुसऱ्यांदा ए ऐवजी सी आणते असं धरा. डी वरून सी, म्हणजे सुधारणाच. बदलीच्या नियमात १३० भागिले ४५, म्हणजे २.८९, जीपीए वाढला. दोन्ही धरले तर १३४ भागिले ४९, म्हणजे २.७३. सुरुवातीच्या २.८० पेक्षा कमी. कोर्स सुधारला, जीपीए घसरला. याचं कारण सरळ आहे. दोन्ही प्रयत्न मोजले जातात तिथे पुन्हा घेतलेला कोर्स गणितापुरता एक नवा कोर्सच असतो. त्याची ग्रेड आपल्या चालू जीपीएपेक्षा वर असेल तरच जीपीए वर जातो. जुन्या ग्रेडशी त्या हिशोबाचा काही संबंध उरत नाही. जीपीए २.८० असेल तर तिथे सी किंवा सी प्लस ही सुधारणा ठरत नाही.

बदलीच्या नियमात मात्र तुलना जुन्या ग्रेडशीच होते. म्हणून दोन सूत्रं वेगवेगळी लक्षात ठेवावीत:

```
बदली:          वाढ = क्रेडिट × (नवी ग्रेड − जुनी ग्रेड) ÷ एकूण क्रेडिट
दोन्ही धरल्यास: वाढ = क्रेडिट × (नवी ग्रेड − चालू जीपीए) ÷ (एकूण क्रेडिट + क्रेडिट)
```

«सरासरी» हा शब्द काही नियमांत आणखी एका अर्थाने येतो. दोन्ही ग्रेडची सरासरी काढून कोर्स एकदाच मोजायचा. वरच्या उदाहरणात डी आणि ए मिळून २.५, म्हणजे १० पॉइंट्स, छेद ४५, जीपीए २.९३. उत्तर दोन्ही टोकांच्या मध्ये पडतं. आपल्या विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये सरासरीचा उल्लेख दिसला तर कोर्सचे क्रेडिट दोनदा मोजले जातात की एकदा, हे वाचल्याशिवाय गणित करू नये.

एफच्या बाबतीत हा फरक आणखी स्वच्छ दिसतो, कारण एफचे पॉइंट्स शून्य असतात. जुनी एफ काढा किंवा ठेवा, अंश बदलत नाही. फरक पडतो तो फक्त छेदात. ३० क्रेडिट आणि ५५ पॉइंट्स असलेला विद्यार्थी १.८३ वर आहे. त्यात चार क्रेडिटची एक एफ आहे. तो कोर्स पुन्हा घेऊन त्याने बी आणली, म्हणजे १२ पॉइंट्स. बदलीत ६७ भागिले ३० म्हणजे २.२३. दोन्ही धरून ६७ भागिले ३४ म्हणजे १.९७. बहुतेक अमेरिकन विद्यापीठांत चांगल्या स्थितीत राहण्याची रेषा २.० असते. एकाच बी ग्रेडवर एका विद्यापीठात तो प्रोबेशनमधून, म्हणजे ताकिदीच्या स्थितीतून, सुटतो, दुसऱ्यात अडकून राहतो. ज्या घरांत एटीकेटीची सवय आहे, तिथे हे पचायला वेळ लागतो. आपल्याकडे विषय सुटला की मागची नापास श्रेणी हिशोबात उरत नाही, म्हणून अमेरिकेतही तसंच असेल असं गृहीत धरलं जातं.

आता पुसण्याचा दावा. जिथे बदलीचा नियम आहे तिथेही ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, सहसा दोन्ही प्रयत्न दिसतात. अनेक विद्यापीठं वापरतात त्या बॅनर या प्रणालीत रिपीट केलेल्या कोर्सपुढे `E` किंवा `I` अशी खूण येते. `E` म्हणजे हा प्रयत्न जीपीएतून वगळला, `I` म्हणजे धरला. जुनी डी कागदावर तशीच छापलेली असते, फक्त भागाकारातून बाहेर असते.

शिवाय हा नियम सगळीकडे नाही आणि असला तरी त्याला मर्यादा असते. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसमध्ये दोन्ही ग्रेड जीपीएत मोजल्या जातात. यूसीएलएमध्ये सी मायनस किंवा त्याखालचे कोर्स रिपीट करता येतात, पण ताजी ग्रेड एकटी धरली जाते ती रिपीट केलेल्या पहिल्या १६ युनिटांपुरतीच. त्यानंतरच्या रिपीटला दोन्ही प्रयत्न मोजले जातात. ओहायो स्टेटमध्ये ग्रेड माफीची, म्हणजे बदलीची, सोय तीन कोर्सपर्यंत आहे. मर्यादा असेल तिथे ती कुठे खर्च करायची हा खरा निर्णय असतो. एका क्रेडिटच्या लॅबच्या डी वर ती वापरून टाकली आणि पुढे चार क्रेडिटच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एफ आली, तर तेव्हा हाती काही उरत नाही.

आणखी एक ठळक फरक «चांगली ग्रेड» आणि «ताजी ग्रेड» यांतला. बदलीचे बरेच नियम ताजी ग्रेड धरतात, दोन्हींपैकी वरची नाही. केमिस्ट्रीचं तेच उदाहरण घ्या. पुन्हा घेतल्यावर एफ आली तर डीचे ४ पॉइंट्सही जातात, आणि १२२ भागिले ४५ म्हणजे २.७१ उरतो. मध्येच कोर्स सोडून डब्ल्यू घेतली तर ती ग्रेड जीपीएत येत नाही आणि जुनी डी जागच्या जागी राहते.

पैसे वाचवण्यासाठी तोच कोर्स उन्हाळ्यात जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये घेण्याचा सल्लाही या दाव्यासोबत फिरतो. तिथे बहुतेक वेळा क्रेडिट वर्ग होतात, ग्रेड होत नाही. मूळ विद्यापीठातली एफ जीपीएत तशीच राहते. ग्रेड बदलायची असेल तर सहसा तोच कोर्स, त्याच विद्यापीठात घ्यावा लागतो.

नवे कोर्स थांबवावेत का? दोन्ही प्रयत्न धरणाऱ्या विद्यापीठात तर मुळीच नाही. वर पाहिलं तसं, चार क्रेडिटचा दुसरा कुठलाही नवा कोर्स घेऊन ए आणली तरी जीपीए तोच २.९० येतो. वर पदवीसाठी चार नवे क्रेडिट मिळतात. डी वर कोर्स पास धरला गेला असेल तर रिपीट केल्याने मात्र एकही नवा क्रेडिट मिळत नाही, एका कोर्सची फी आणि वेळ जातो. अशा ठिकाणी रिपीट करण्याचं योग्य कारण एकच: पुढच्या कोर्ससाठी किंवा मेजरसाठी, म्हणजे मुख्य विषयासाठी, सी लागते आणि आपल्याकडे डी आहे. तेव्हा जीपीए काहीही होवो, कोर्स घ्यावाच लागतो.

बदलीच्या विद्यापीठात रिपीटला वजन आहे, पण तेही जुनी ग्रेड आपल्या जीपीएच्या बरीच खाली असेल तर. ४५ क्रेडिट आणि २.८० असलेल्या विद्यार्थिनीने डी वर ए आणली तर ०.२७ वाढ, नव्या कोर्सात ए आणली तर ०.१०. पण बी मायनस, म्हणजे २.७, बदलून ए आणायची नियम परवानगी देत असेल तरी वाढ ०.१२ होते, नव्या कोर्सपेक्षा जेमतेम जास्त, आणि एकही नवा क्रेडिट नाही. आणि हे सगळं जितकं उशिरा कराल तितकं फळ कमी. तीच डी, तोच २.८० जीपीए, पण १०५ क्रेडिट झाल्यावर बदलली तर वाढ फक्त ०.११.

मेडिकलचा मुद्दा सगळ्यात चुकीचा आहे. अमेरिकेतल्या बहुतेक एम.डी. कॉलेजांचे अर्ज एएमसीएएसमार्फत जातात, आणि ती सेवा विद्यापीठाचा जीपीए उचलत नाही. ट्रान्स्क्रिप्टवरचा प्रत्येक प्रयत्न घेऊन स्वतःचा जीपीए काढते, रिपीट केलेल्या कोर्सच्या दोन्ही ग्रेड धरून. विद्यापीठाच्या पोर्टलवर ३.०७ दिसणाऱ्या विद्यार्थिनीचा तिथला आकडा २.९० येतो. केमिस्ट्री विज्ञानाच्या वेगळ्या जीपीएतही मोजली जाते. तिथे छेद लहान असल्याने जुनी डी आणखी जाणवते. ऑस्टिओपॅथिक म्हणजे डी.ओ. कॉलेजांच्या आकोमास या अर्जसेवेत पूर्वी ताजी ग्रेड धरण्याची सोय होती. २०१७ मध्ये ती बंद झाली. त्याआधीचे सल्ले अजून फिरतात, म्हणून हे तारखेसकट माहीत हवं. लॉ स्कूलचे अर्ज हाताळणारी एलएसएसीही ट्रान्स्क्रिप्टवर ग्रेड आणि क्रेडिट दिसत असतील तर दोन्ही प्रयत्न मोजते. म्हणून या वाटांवर जाणाऱ्यांनी पहिल्यापासून दोन जीपीए मांडावेत, एक विद्यापीठाचा आणि एक दोन्ही प्रयत्न धरून.

रिपीटची ग्रेड लागल्यावर एक तपासणी स्वतः करावी. ट्रान्स्क्रिप्टच्या शेवटी `GPA Hours` आणि `Quality Points`, म्हणजे भागाकाराचा छेद आणि अंश, असे रकाने असतात. रिपीट सुरू करण्याआधी दोन्ही आकडे लिहून ठेवा. बदली नीट लागली असेल तर त्या कोर्समुळे `GPA Hours` वाढत नाहीत. त्याच सत्रात घेतलेल्या इतर कोर्सचे क्रेडिट वजा करूनही ते चारने वाढलेले दिसले, तर दोन्ही प्रयत्न मोजले गेले आहेत. काही विद्यापीठांत बदली आपोआप होत नाही, अर्ज भरावा लागतो आणि त्याला मुदत असते. अशा वेळी रजिस्ट्रारच्या कार्यालयात जाताना दोन्ही सत्रांची ट्रान्स्क्रिप्ट आणि दोन्ही वेळचा कोर्स क्रमांक सोबत ठेवा. मधल्या काळात कोर्सचा क्रमांक किंवा क्रेडिट बदलले असतील तर प्रणालीला तो रिपीट म्हणून ओळखता येत नाही, आणि त्याची जुळणी हाताने करून घ्यावी लागते.