निरोपाच्या पोस्टमध्ये किस्सा एकच, पण डोळ्यांसमोर उभा राहणारा

टीममधलं कुणी नोकरी सोडून निघालं की ठरलेली पोस्ट पडते. मेहनती, मनमिळाऊ, कायम हसतमुख. फक्त नाव बदला, पुढच्या महिन्यात जाणाऱ्यालाही तीच चालेल. माझ्या मते विशेषणं सगळी उडवावीत आणि एक किस्सा नीट सांगावा.

तो शोधायला डोकं खाजवत बसू नका. जाणाऱ्या व्यक्तीला वगळून बाकीच्यांना एवढंच विचारा, "तिचं नाव काढलं की पहिलं काय आठवतं?" तिघांकडून एकच प्रसंग आला की झालं काम.

समजा, प्रसंग एक्सेलचा आहे. महिनाअखेर, रिपोर्ट द्यायला अर्धा तास उरलेला आणि नावावरून आकडे शोधून आणणाऱ्या `VLOOKUP`च्या अख्ख्या कॉलममध्ये `#N/A`, म्हणजे 'सापडलं नाही'. चौघं जण फॉर्म्युला उलटापालटा करून बघताहेत. ही येते, नावाच्या एका सेलवर जाऊन `F2` दाबते. कर्सर शेवटच्या अक्षराला चिकटून उभा राहायला हवा, तो एक घर पुढे उभा! नावामागे कुणीतरी स्पेस सोडलेली. डोळ्यांना ती दिसत नाही, पण एक्सेलच्या लेखी ते नावच वेगळं. `TRIM` लावलं, आकडे आले. त्यानंतर कुणीही फाइल पाठवली की हिचा पहिला प्रश्न, "स्पेस बघितलीस?"

पहिला मसुदा इथेच फसतो. लिहिणाऱ्याला सगळंच सांगायचं असतं. वेबपेजवरून कॉपी केलेल्या डेटात वेगळ्या जातीची स्पेस असते, ती `TRIM`ने जात नाही, मग `SUBSTITUTE` आणि `CHAR(160)` वापरावं लागतं... खरं आहे सगळं, पण पोस्ट एचआरवालेही वाचणार असतात. त्यांच्यासाठी एक घर पुढे उभा असलेला कर्सर आणि तिचा तो प्रश्न, एवढं पुरे.

चेष्टा करायची ती या काटेकोरपणाची, कारण ती स्वतःही त्यावर हसते. उशिरा येणं, रजा, साहेबांशी उडालेले खटके यांना हात लावू नका. पोस्ट तिचे नवे सहकारीही उघडून बघतील. नव्या कंपनीचं नाव तिने स्वतः सांगेपर्यंत लिहायचं नाही. क्लायंटचं तर कधीच नाही. आणि स्पेस सोडणारा कोण, तेही गुलदस्त्यातच ठेवा. "कुणीतरी" म्हटलं की तो बहाद्दर बहुतेक वेळा आपणहून कमेंटमध्ये हजर होतो.

पुढे "तुझी उणीव भासेल" वगैरे जोडायचा मोह होईल. त्याऐवजी किस्स्यातलाच धागा उचला:

"सोमवारपासून तुझ्या खुर्चीत `#N/A`. फॉर्म्युला तपासून झाला, स्पेसही बघितली. या वेळी चूक सापडत नाहीये."

एवढं लिहून फोटो लावा. तिने डोळे मिटलेला नको.