पंचवीस डब्यांचा घटस्फोट

आई चांदवडहून नाशिकला माझ्याकडे महिनाभर राहायला येणार, हे कळल्यावर मला आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी पोटात गोळा आला. आता डबेवाल्या काकूंना डबा बंद करायचा मेसेज करावा लागणार होता. वर उरलेले पैसे मागायचे होते. ज्या बाईच्या हातची शेवभाजी तीन आठवडे बोटं चाटून खाल्ली, तिच्याकडे!

पहिला मसुदा मी कुशलप्रश्नाने सुरू केला. ‘काकू नमस्कार, तब्येत कशी आहे?’ लिहिलं आणि पुढचं वाक्य जुळवताना बोट चुकून पाठवायच्या बाणावर पडलं. लगेच उत्तर आलं, ‘बरी आहे. का रे, भाजीत काही निघालं का?’

घाबरून मी एका दमात लिहिलं : ‘नाही नाही, पुढच्या आठवड्यापासून डबा बंद करायचा आहे. उरलेले पैसे परत द्याल का?’

एवढ्या दोन वाक्यांत मी किती घोळ घातला, ते पुढच्या अर्ध्या तासात समजलं. पुढचा आठवडा म्हणजे रविवारपासून की सोमवारपासून? दुपारपासून की रात्रीपासून? आणि उरलेले म्हणजे किती? काकूंची वही सातपूरपासून इंदिरानगरपर्यंतच्या सगळ्या पोटांचा हिशोब ठेवते. माझ्याकडे वही नव्हती. होतं ते फक्त काकूंना रात्री-अपरात्री पाठवलेले ‘उद्या दुपारी नको’ असे मेसेज. तेच पुरावे.

मग बसलो गणित करायला. एक तारखेला, सोमवारी, मी साठ डब्यांचे ४,२०० रुपये आगाऊ भरले होते. म्हणजे डबा ७० रुपयांना. रोज दोन डबे, रविवारी रात्री सुट्टी, म्हणजे आठवड्याला तेरा. रविवार २१ तारखेपर्यंत तीन आठवड्यांचे एकोणचाळीस. त्यात माझे चार खाडे. मेसचं तोंड न पाहिलेल्यांसाठी सांगतो, आदल्या रात्री कळवून न घेतलेला डबा म्हणजे खाडा, आणि तो हिशोबातून वजा होतो. सकाळी दहाला कळवला तर खाडा नाही, कारण तोवर भाजी चिरून झालेली असते. (रविवारी सकाळी मिसळ चापून आल्यावर तसाच परत धाडलेला डबाही खाडा नसतो. ती आपली चैन.) म्हणजे खाल्लेले पस्तीस, उरलेले पंचवीस, पैसे १,७५०. मी खूश.

काकूंचा आकडा आला : ८७०.

मला वाटलं, शून्य-बिन्य खाल्लं असेल. पण काकू हिशोबात कच्च्या नव्हत्या. माझे दोन खाडे त्यांनी उशिराचे धरले होते, म्हणून डबे सदतीस. आणि महिना मोडला म्हणून दर सुट्या डब्याचा, ९० रुपये. सदतीस नव्वे ३,३३०. साठ डबे घेणाऱ्यासाठी सत्तर, अधूनमधून घेणाऱ्यासाठी नव्वद.

‘काकू, असं आधी बोलणं नव्हतं झालं.’

‘बोलणं तर महिना पूर्ण करायचंही झालं होतं.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खाड्यांचे पुरावे मात्र होते. मेसेजच्या वेळा दाखवल्या, रात्री ९:४० आणि १०:१५. काकूंनी दोन्ही खाडे मान्य केले आणि त्यांचा आकडा १,०५० वर आला. दरावर त्या हटेनात, मीही हटेना. शेवटी डबा ८० रुपयांनी धरायचं ठरलं. पस्तीस डब्यांचे २,८००, परत १,४००. काकूंचे १,०५० आणि माझे १,७५०, बरोब्बर मध्यावर. मग मी जो मेसेज पहिल्यांदाच पाठवायला हवा होता, तो पाठवला :

‘काकू, रविवार २१ तारखेचा दुपारचा डबा शेवटचा. सोमवार २२ पासून दोन्ही वेळचे बंद. घेतलेले डबे ३५, खाडे ४, उरलेले २५. ठरल्याप्रमाणे ३५ डब्यांचे ८० रुपये दराने २,८००, परत १,४००, याच नंबरवर पाठवा. तुमचे दोन्ही स्टीलचे डबे रविवारी डबा आणणाऱ्या मुलाकडे देतो.’

पैसे त्याच रात्री आले. रविवारी डबे घासून परत दिले. एका डब्याच्या झाकणावर भलत्याच कुणाचं तरी नाव कोरलेलं निघालं. ते झाकण माझ्याकडे कसं आलं आणि माझं कुणाकडे गेलं, ही चौकशी दोन्ही पक्षांनी शहाणपणाने टाळली.

सोमवारी दुपारी साडेबाराला बेल वाजली. दारात डबेवाला मुलगा. यादीतून माझं नाव काढायचं राहिलं होतं. आईची बस अजून पिंपळगावलाही पोहोचली नव्हती. डब्यातून काळ्या मसाल्याचा वास येत होता. मी काकूंना मेसेज टाकला, ‘चुकून डबा आलाय. ठेवून घेऊ का?’

उत्तर आलं, ‘घे की. नव्वद.’