न मोजलेले केस आणि बेळगावची लोकसंख्या

"बेळगावात किमान दोन जणांच्या डोक्यावर अगदी सारखेच केस आहेत, हे म्हणे न मोजता सिद्ध होतं. थाप! मोजलेत कुणी? आणि टकल्यांचं काय? वर २३ जणांत वाढदिवस जुळतोच म्हणतात. आमच्या वर्गात ४० जण होतो, एकाचाही जुळला नाही. खरं असेल तर ती दोन माणसं दाखवा."

केस मोजायची गरजच नाही, वरची मर्यादा पुरते. माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात, फार दाट असले तर दीड लाख. आपण सढळ हाताने ३ लाख धरू. आता ० पासून ३,००,००० पर्यंत आकडे घातलेले कप्पे मांडा आणि ज्याचे जितके केस, त्याला त्या आकड्याच्या कप्प्यात उभा करा. कप्पे झाले ३,००,००१. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या होती सुमारे ४ लाख ८८ हजार. प्रत्येक कप्प्यात एकच माणूस ठेवायचा म्हटलं, तर ३,००,००१ जणांनंतर कप्पे संपतात आणि पावणेदोन लाखांहून जास्त माणसं बाहेर उरतात. ती कुठेही शिरली तरी कुणाच्या तरी शेजारीच उभी राहणार. रोज केस गळतात हे खरं, म्हणून हे विधान एका ठरावीक क्षणापुरतं. पण क्षण कुठलाही निवडा, हिशेब तोच.

हाच युक्तिवाद निपाणीला लावला तर फसतो. तिथली वस्ती साठ हजारांच्या आसपास, कप्पे तीन लाख. म्हणजे निपाणीत जोडी नाही असं नव्हे. असेलही, बहुधा असेलच, पण या वाटेने ती सिद्ध होत नाही.

टकल्यांना शून्याचा कप्पा आहे. पूर्ण टक्कल पडलेले दोघे सापडले तर काम तिथेच संपलं. ती पळवाट वाटत असेल, तर सगळे टकले वगळा. केस असलेले ३ लाखांहून जास्त उरले की झालं, कारण आता कप्पेही ३ लाखच.

वाढदिवसाची गोष्ट मात्र निराळी, आणि गोंधळ इथेच होतो. २३ जणांत जुळण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. ती खात्री नव्हे. ४० जणांत ती सुमारे ८९ टक्के, म्हणजे तुमच्यासारखे न जुळणारे वर्ग शंभरात अकराच्या आसपास निघणारच. खात्री हवी तर २९ फेब्रुवारी धरून ३६६ कप्पे, म्हणून ३६७ माणसं लागतात.

दाखवा म्हणाल, तर ते या सिद्धतेचं कामच नाही. जोडी शहापुरातली की टिळकवाडीतली, हे ती सांगत नाही. तुमच्याइतकेच केस असलेला कुणी बेळगावात आहे, असंही तिच्यातून निघत नाही. तुम्ही तुमच्या कप्प्यात एकटे असू शकता. हवं तर जिल्हा घ्या. २०११ ची लोकसंख्या सुमारे ४७ लाख ७९ हजार. प्रत्येक कप्प्यात पंधरा-पंधरा जण कोंबले तरी ४५,००,०१५ च मावतात, तेव्हा कुठल्यातरी एका कप्प्यात किमान सोळा जण निघतातच.